सूची लावताना : कच्च्या ओळींपासून छापील नोंदीपर्यंत

(प्रकाशनव्यवसायात काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सूची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच काम येतं. शब्द गोळा करायचे, एक्सेलमध्ये टाकायचे, क्रम लावायचं बटण दाबायचं आणि छापायला पाठवायचं. मीही पहिली सूची अशीच केली होती. ती छापून आली आहे, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही.

आज एकच पुस्तक घेते. पुण्याच्या इतिहासावरचं, पेशवाईवर भर असलेलं. मजकूर ३०८ पानांवर संपत होता. सोळा पानांच्या फॉर्मप्रमाणे वीस फॉर्म, म्हणजे ३२० पानं. उरलेली बारा पानं सूचीला. दोन रकाने, रकान्यात चाळीस ओळी, म्हणजे एकूण ९६० ओळी माझ्या हातात. आणि मजकूर वाचत वाचत मी टिपलेल्या कच्च्या ओळी होत्या सव्वादोन हजार. प्रत्येक ओळीत तीन खाने : शब्द, त्या पानावर त्याबद्दल काय आलंय ते दोन-चार शब्दांत, आणि पान. मधला खाना लोक टाळतात. तो टाळला की पुढे पोटनोंदी करताना अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं.

या सव्वादोन हजार ओळींना मी पहिल्यांदा क्रम लावला तो छापण्यासाठी नव्हे, घाण दिसावी म्हणून. गहू निवडताना ताटात पसरतो ना, तसं. एकसारखे शब्द शेजारी आले की कुठे काय बिघडलंय ते कळतं.

पहिली गोष्ट दिसते ती विभक्तीची. आपण वाचताना पुस्तकातला शब्द आहे तसा उचलतो. कोल्हापूर, कोल्हापुरात, कोल्हापूरकर. यात ‘कोल्हापुरात’ला पु ऱ्हस्व आहे, त्यामुळे तो यादीत ‘कोल्हापूर’च्या आधी, वेगळ्या घोळक्यात जाऊन बसतो. ‘पुणे’ आणि ‘पुण्यात’ यांच्यातही अंतर पडतं, कारण सामान्यरूपात ‘णे’चा ‘ण्या’ होतो आणि जोडाक्षरं सगळ्या मात्रांनंतर येतात. ‘वाडा’ आणि ‘वाड्यात’चंही तेच. म्हणून पीडीएफमध्ये ‘कोल्हापूर’ शोधून पानं जमवणाऱ्याची सूची अर्धीच होते : ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापुरास’, ‘कोल्हापुराहून’ ही सगळी पानं हातची जातात. इंग्रजी पुस्तकांची सूची करणाऱ्यांना हा त्रास इतका नाही. मराठीत शोधताना शब्दाचा न बदलणारा तुकडाच शोधावा लागतो, ‘कोल्हाप’ एवढाच. मग जे येईल ते एकेक पाहून मूळ रूपावर आणायचं.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. पुण्याजवळचं नऱ्हे गाव माझ्या यादीत दोनदा आलं, एकाखाली एक, अगदी सारखं. जुळ्या ओळी काढायची आज्ञा दिली तरी दोन्ही जागच्या जागी. कारण एका प्रकरणाच्या टंकलेखनात तो अर्धा र ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरानं काढला होता आणि दुसऱ्या प्रकरणात साध्या ‘र’ला हलन्त देऊन, पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. कागदावर फरक शून्य, संगणकाच्या लेखी दोन गावं. ‘ॲ’चंही असंच आहे. काही जण ‘अ’वर चंद्र चढवतात, काही जण ‘ॲ’ हे एकच अक्षर टाइप करतात. हे एकच अक्षर युनिकोडमध्ये देवनागरी आकड्यांच्याही पुढे आहे. निव्वळ संकेतांकांवर क्रम लावला तर ‘ॲबट’ सगळ्यांत शेवटी, ‘ह’च्याही मागे जाऊन बसतो, आणि चंद्रवाला ‘अॅबट’ मात्र ‘अ’मध्ये आरामात. म्हणून क्रम लावायच्या आधी शोधा-बदला करून अशी अक्षरं एकाच पद्धतीवर आणायची. मी बदलायच्या जागांची एक चिठ्ठीच करून ठेवली आहे, प्रत्येक पुस्तकाला तीच चालवते.

तिसरी भानगड शब्द तोडण्या-जोडण्याची. ‘शनिवारवाडा’, ‘शनिवार वाडा’. लेखक एकच, पुस्तक एकच, आणि दोन्ही रूपं. माझ्या यादीत ‘शनिवार पेठ’ आणि ‘शनिवार वाडा’ एकत्र आले होते आणि ‘शनिवारवाडा’ त्यांच्यापासून फुटून खाली गेला होता, कारण मोकळी जागा कुठल्याही अक्षराच्या आधी येते. अशा वेळी मी लेखकाला फोन करत नाही. त्यांनी पुस्तकात जास्त वेळा जे वापरलंय ते घेते आणि मुद्रितशोधकाला कळवते. इथे ‘शनिवारवाडा’ ठरलं.

आता माणसं. इथे यंत्र काही कामाचं नाही, इतिहासच माहीत असावा लागतो. कच्च्या यादीत ‘नाना’ या शब्दाखाली एकवीस ओळी होत्या. त्यांत तीन माणसं निघाली. एक नाना फडणवीस. दुसरे नानासाहेब पेशवे, म्हणजे बाळाजी बाजीराव, पानिपतानंतर १७६१मध्ये पर्वतीवर वारले ते. तिसरे १८५७चे नानासाहेब, कानपूरचे, म्हणजे धोंडोपंत. शेवटचे दोघं छापील सूचीत ‘नानासाहेब पेशवे’ असे शेजारी उभे राहणार, म्हणून कंसात ओळख द्यावीच लागते. ‘नानासाहेब पेशवे (धोंडोपंत)’ आणि ‘नानासाहेब पेशवे (बाळाजी बाजीराव)’. हे न करता पानं एकत्र केली तर वाचकाला वाटेल, हा माणूस पर्वतीचं देऊळ बांधून शंभर वर्षांनी इंग्रजांशी लढला.

बाजीरावांची गंमत वेगळी. पहिला आणि दुसरा हा गोंधळ कुणी करत नाही, पण क्रम लावल्यावर ‘बाजीराव दुसरा’ आधी येतो आणि ‘बाजीराव पहिला’ नंतर, कारण वर्णमालेत द आधी आणि प नंतर! सूचीत पहिला आधीच यायला हवा. त्यासाठी मी यादीत चौथा खाना ठेवते. त्याला मी क्रमचावी म्हणते. छापायचं ते पहिल्या खान्यात, क्रम लावायचा तो चौथ्यावर. बाजीरावांच्या चावीत ‘बाजीराव १’, ‘बाजीराव २’ लिहिलं की झालं. राजे, पेशवे, संत यांना मी आडनावाखाली टाकत नाही. शिवाजी महाराज ‘भोसले’खाली शोधणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. तुकाराम ‘तुकाराम’खालीच. एकोणिसाव्या शतकापासूनची माणसं मात्र आडनावानं : ‘टिळक, बाळ गंगाधर’, ‘फुले, जोतीराव’. एकाच सूचीत दोन नियम आहेत हे मला मान्य आहे, पण वाचक जिथे बघणार तिथे नोंद हवी, त्यापुढे मी नियमाला फार भीक घालत नाही.

आता मुख्य नोंदीकडे येऊ. शनिवारवाड्याच्या कच्च्या ओळी जुळवल्यावर अशा दिसत होत्या :

१४ – पायाभरणी
१५ – वास्तुशांत
१६, १७, १८ – दरवाजे, तट, बुरूज
२२ – कारंजी
४१ – वाड्यासमोरून मिरवणूक गेली
५७ – ‘पेशव्यांचा वाडा’
८८, ८९, ९०, ९१ – नारायणरावाचा खून
९१, तळटीप – खुनाविषयीची बखरीतली हकिकत
१४० – वाड्याच्या दिशेनं तोफेचा आवाज
१७६ – ‘पेशव्यांचा वाडा’
२०३ – इंग्रजांचं निशाण
२१०, २११ – आग

नुसतं ‘शनिवारवाडा १४, १५, १६, १७, १८, २२, ४१, ५७...’ असं छापलं तर सतरा आकडे होतात. हे सूचीतलं सगळ्यांत मोठं पाप. वाचकाला आग शोधायची आहे, त्यानं सतरा पानं उलटायची? माझा हिशेब असा की एका नोंदीला पाच-सहापेक्षा जास्त आकडे झाले की फोडायची. पण फोडण्याआधी गाळायची. पान ४१वर मिरवणूक वाड्यासमोरून गेली, वाड्याबद्दल एक अक्षर नाही. गाळलं. पान १४०वरचा तोफेचा आवाजही गाळला. शब्द पानावर आहे म्हणून नोंद होत नाही. त्या पानावर गेलेल्या वाचकाला त्या विषयाचं काहीतरी मिळालं पाहिजे.

‘पेशव्यांचा वाडा’ या दोन ओळींसाठी पुस्तक उघडावं लागलं. पान ५७वर तो शनिवारवाडाच आहे, नानासाहेबांच्या काळातल्या दरबाराच्या वर्णनात. पान १७६वर मात्र दुसरा बाजीराव आहे आणि वाडा आहे विश्रामबागवाडा, जो त्यानं स्वतःसाठी बांधला. शब्द तोच, इमारत वेगळी. १७६ उचलून विश्रामबागवाड्याच्या नोंदीत गेलं. पुस्तक न उघडता फक्त यादीवर काम करणारा इथे हमखास फसतो.

पानांचे आकडे जोडण्यातही अर्थ आहे. १६, १७, १८ ही तीन पानं सलग दरवाजे आणि तटाबद्दल बोलतात, म्हणून ती १६-१८. पण समजा १६वर दिल्ली दरवाजा, १७वर मध्येच भलता विषय, आणि १८वर पुन्हा दरवाजा असता, तर ‘१६, १८’ लिहिलं असतं. मधला आडवा दंड म्हणजे ‘इथून तिथपर्यंत हाच विषय चालू आहे’ असं वचन आहे. तळटिपेला मी ‘टी’ लावते, म्हणजे वाचक पानाच्या तळाशी बघतो आणि ‘इथे तर काही नाही’ म्हणून परत फिरत नाही.

मग पोटनोंदी. मधल्या खान्यातले शब्द इथे कामाला येतात. त्यांना वर्णक्रमानं लावलं तर काय होतं बघा :

शनिवारवाडा
आग
इंग्रजांचा ताबा
कारंजी
दरवाजे आणि तट
नारायणरावाचा खून
पायाभरणी
वास्तुशांत

वाडा आधी जळतो, मग इंग्रज घेतात, मग खून होतो, मग पाया घातला जातो आणि शेवटी वास्तुशांत! नियमानं बघाल तर यात चूक काहीच नाही. मोठ्या नोंदीत, जिथे वीस-बावीस पोटनोंदी आहेत, मी हाच क्रम ठेवते, कारण वाचकाला एखादा विशिष्ट शब्द पटकन सापडायला हवा. पण इथे सात ओळी, सगळ्या एका नजरेत येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना साल आहे. अशा नोंदीत मी कालक्रम घेते आणि सूचीच्या डोक्यावरच्या टिपेत तसं सांगते. छापलं ते असं :

शनिवारवाडा ५७
पायाभरणी (१७३०) १४
वास्तुशांत (१७३२) १५
दरवाजे आणि तट १६-१८
कारंजी २२
नारायणरावाचा खून (१७७३) ८८-९१, ९१टी
इंग्रजांचा ताबा (१८१७) २०३
आग (१८२८) २१०-२११

मुख्य शब्दापुढचं ५७ हे सर्वसाधारण वर्णनाचं. ते कुठल्याच पोटनोंदीत बसत नव्हतं. अशी एक-दोन पानं डोक्यावर राहिली तर चालतं. तिथे पुन्हा सहा-सात साचली तर समजायचं, पोटनोंदी नीट पडलेल्या नाहीत.

खुनाची पानं मी ‘नारायणराव पेशवे’ या नोंदीखालीही दिली. कुणीतरी विचारेल, तिथे ‘पहा : शनिवारवाडा’ का नाही? कारण ‘पहा’ लिहायलाही एक ओळ लागते आणि आकडे द्यायलाही एकच लागते. एका ओळीच्या माहितीसाठी वाचकाला दुसरीकडे पाठवणं म्हणजे सरकारी कार्यालयातल्या खिडक्या. ‘पहा’ राखून ठेवायचं ते खऱ्या पर्यायी नावांसाठी : ‘गंगाधरशास्त्री पटवर्धन, पहा : पटवर्धन, गंगाधरशास्त्री’. आणि ‘पहा’ ज्या नोंदीकडे पाठवतं ती तिथे खरोखर असली पाहिजे. नोंद गाळताना तिच्याकडे बोट दाखवणारं ‘पहा’ तसंच राहून जातं, ही रोजची चूक. म्हणून शेवटी सगळे ‘पहा’ वेगळे काढून एकेक तपासायचे.

आता वर्णक्रम. तुम्ही म्हणाल, याच्यापासून तर सुरुवात करायला हवी होती. पण तो खरोखरच शेवटी येतो.

तीन शब्द घ्या : खंडोबा, खडकी, खानदेश. संगणक संकेतांकांवर लावतो, आणि अनुस्वाराचा क्रमांक सगळ्या अक्षरांच्या आधीचा आहे. म्हणून खंडोबा, खडकी, खानदेश. बाराखडीवर वाढलेला माणूस क, का, कि... कौ, कं, कः असं म्हणतो. त्याच्या हिशेबानं अनुस्वार शेवटी, म्हणजे खडकी, खानदेश, खंडोबा. आणि संस्कृत कोशांच्या सवयीचा माणूस ‘खंडोबा’ला मनात ‘खण्डोबा’ वाचतो. ण येतो ड-ढच्या पुढे, म्हणजे खडकी, खंडोबा, खानदेश. तीन शब्द, तीन क्रम, आणि तिन्हींना परंपरा आहे. मी पहिला घेते, अनुस्वार आधी. शास्त्रीय कारण नाही. यंत्राशी भांडायला लागत नाही आणि वाचकाला ‘खं’ची सगळी नावं एकत्र सापडतात. पण कोणताही घ्या, पूर्ण सूचीत एकच घ्या आणि वरच्या टिपेत एका वाक्यात सांगा.

‘ळ’ ‘ह’च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या शेजारी आहे, त्यामुळे कच्च्या क्रमात ‘माळवा’ ‘मावळ’च्या आधी येतो. मराठी क्रमात मावळ आधी, माळवा नंतर. क्ष आणि ज्ञ आपण शेवटी म्हणतो. २००९च्या शासननिर्णयातही ती दोन विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून वेगळी दिली आहेत. संगणकासाठी मात्र क्ष म्हणजे क-हलन्त-ष आणि ज्ञ म्हणजे ज-हलन्त-ञ. त्यामुळे ज्ञानेश्वर ‘ज’च्या शेपटाला जातात, ‘झ’च्या आधी. आणि प्रश्न फक्त पहिल्या अक्षराचा नाही. ‘विज्ञान’ कुठे? ज्ञ शेवटचं अक्षर मानलं तर ‘विठ्ठल’, ‘विहीर’ यांच्याही पुढे. मला विचाराल तर मी शब्दाच्या पोटातही तोच नियम पाळते, पण बरेच वाचक ‘विज्ञान’ वि-जमध्येच शोधतील हेही मला ठाऊक आहे. अशा एखाद्या महत्त्वाच्या शब्दासाठी जुन्या जागी एक ‘पहा’ ठेवते. मराठी क्रम असलेली वर्गवारी काही प्रणालींत निवडता येते, ती ळ, क्ष, ज्ञ बरोबर लावते. तरी मी छापील प्रतीवर बोट ठेवून एकदा वाचतेच.

जुन्या फॉन्टमधली फाइल आली तर मात्र यातलं काहीही करू नका. त्या फॉन्टांत अक्षरं नव्हे तर आकृत्या साठवलेल्या असतात, आणि पहिली वेलांटी दिसते तशीच अक्षराच्या आधी बसलेली असते. क्रम लावला की ‘शिवाजी’, ‘विठ्ठल’, ‘किल्ला’, ‘निजाम’ सगळे वेलांटीच्या एकाच कळपात जमतात. ते दिसलं की थांबायचं आणि आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यायचं.

आकड्यांचं एक सांगून टाकते. यादीत पानांचे आकडे इंग्रजी अंकांत ठेवा, देवनागरी शेवटी करा. देवनागरी अंक एक्सेल शब्द समजतो आणि १४च्या मागे १४० लावतो, १५ त्यानंतर.

सव्वादोन हजारांतून अखेर ८९० ओळींची सूची झाली. ९६०मधल्या सत्तर ओळी मी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या, वर्णाक्षरांच्या शीर्षकांसाठी आणि शेवटच्या क्षणी होणाऱ्या भरतीसाठी. आणि भरती झालीच. छपाईला जायच्या आठवड्यात कळलं की पान ६४नंतर आठ पानांची छायाचित्रं घालायची आहेत, तीही पानक्रमांक देऊन. मजकूर ३१६ला संपणार, सूचीला चारच पानं, आणि ६४पुढचा प्रत्येक आकडा आठनं सरकणार. पाननिश्चिती झालेल्या प्रतीवर सूची केली नाही तर हे होतंच. मी पाननिश्चिती झाली आहे असं ऐकून सुरुवात केली होती, लेखी घेतलं नव्हतं. दोन तास वाद घालून शेवटी छायाचित्रं बिनक्रमांकाची, वेगळ्या कागदावर गेली, आणि मी चित्रांसाठी ‘६४समोर’ असं लिहिलं. शनिवारवाड्याची जुनी रेखाचित्रं त्यांतच होती, म्हणून नोंदीत आणखी एक ओळ वाढली : ‘चित्रं ६४समोर’.

तपासायला मी प्रत्येक फॉर्ममधून दोन आकडे उचलते, सूचीवरून पानाकडे. वीस फॉर्म, चाळीस आकडे. या पुस्तकात तीन चुका निघाल्या. दोन माझ्या टंकलेखनाच्या, आणि तिसरी अशी की ‘कात्रज’समोर ११२ होतं आणि ११२वर कात्रजचा नळ नव्हताच. तो होता १२१वर. आकडे उलटे झाले होते. एक उलटा सापडला की मी थांबत नाही. त्या दिवशी ज्या बैठकीत त्या ओळी घातल्या त्या सगळ्या काढून पुन्हा बघते. त्या बैठकीत आणखी चार निघाले.